घटक ४ : सहभागींची निवड – कमाल विविधता आणि निर्णायक व्यष्टी

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात तुम्ही संख्यात्मक सर्वेक्षणातील यादृच्छिक नमुना निवडीचा परिचय करून घेतला. तेथे प्रत्येक व्यक्तीला निवडले जाण्याची संधी ज्ञात असते आणि म्हणूनच नमुन्यातील टक्केवारीवरून समष्टीतील टक्केवारीचा अंदाज बांधता येतो. प्रकल्पासाठी तुम्ही दहा-बारा जणांच्याच दीर्घ मुलाखती घेणार असाल, तर ही पद्धत उपयोगी पडत नाही. चिठ्ठ्या टाकून उचललेली दहा माणसे योगायोगाने एकाच वयाची, एकाच आळीतली निघू शकतात. बरे, ती तशी निघाली नाहीत, तरी दहांवरून टक्केवारी मांडणे निरर्थकच ठरते. म्हणून गुणात्मक संशोधनात सहभागी हेतुपूर्वक निवडले जातात. कोणाकडून आपल्या प्रश्नावर सर्वाधिक प्रकाश पडेल, हा निवडीचा निकष असतो.

अमेरिकन मूल्यमापनतज्ज्ञ मायकेल क्विन पॅटन यांनी सहेतुक निवडीचे पंधराहून अधिक प्रकार नोंदवले आहेत. ते सर्व पाठ करण्याची आवश्यकता नाही. प्रस्तुत घटकात आपण केवळ दोन प्रकारांचा विचार करू : कमाल विविधता नमुना निवड आणि निर्णायक व्यष्टी निवड. पहिल्या प्रकारात एकमेकांपासून शक्य तितकी भिन्न माणसे निवडायची असतात, तर दुसऱ्या प्रकारात अशी एखादीच व्यक्ती वा स्थळ शोधायचे असते, की जिच्यावरून इतरांविषयी तर्काने काही सांगता येईल. हे दोन प्रकार परस्परविरोधी वाटतात. एकाच अभ्यासात ते एकामागून एक कसे उपयोगात आणता येतात, हे आपण एका काल्पनिक प्रकल्पाच्या आधारे पाहणार आहोत.

४.२ प्रकल्पाचा प्रश्न

समजा, धुळे जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने प्रशासकीय मराठीवर प्रकल्प करण्याचे ठरवले आहे. तिचा प्रश्न असा : 'जमिनीच्या फेरफाराची नोटीस हाती आल्यावर तिच्याशी संबंधित माणसे त्या नोटिशीचा अर्थ कसा लावतात?'

प्रश्न भाषेचा आहे, परंतु त्यात पणाला लागलेली गोष्ट केवळ भाषेची नाही. खातेदार मरण पावला किंवा जमिनीची खरेदी-विक्री, वाटणी झाली, की त्याची नोंद फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये घेतली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार त्या नोंदीची प्रत चावडीवर लावायची असते आणि हितसंबंध असलेल्या व्यक्तींना लेखी कळवायचे असते. हरकत घेण्यासाठी सामान्यतः पंधरा दिवसांची मुदत दिलेली असते. मुदतीत कोणी हरकत न घेतल्यास नोंद प्रमाणित होऊन तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. 'हितसंबंधित', 'हरकत', 'प्रमाणित', 'वारस', 'हक्कसोड' हे शब्द ज्या बहिणीला उमगले नाहीत, तिचे पंधरा दिवस ती कागद पिशवीत ठेवून बसलेली असतानाच संपून जातात. पुढे अपिलाची वाट असते, पण ती लांबची आणि खर्चाची असते.

अशा विषयात माणसे निवडताना केलेली चूक निष्कर्षात थेट उतरते. चावडीत भेटलेल्या दहा पुरुष खातेदारांशीच विद्यार्थिनी बोलली, तर 'नोटीस लोकांना समजते' असा निष्कर्ष निघण्याची शक्यता बरीच आहे. ज्यांना ती समजत नाही, ती माणसे चावडीत येतच नाहीत.

४.३ कमाल विविधता : परिमाणे ठरविणे

या पद्धतीची सुरुवात माणसे शोधण्याने होत नाही. 'नोटिशीचा अर्थ लावण्यात कोणत्या गोष्टींमुळे फरक पडू शकेल?' हा प्रश्न आधी स्वतःला विचारायचा असतो. या गोष्टींना आपण विविधतेची परिमाणे म्हणू. वय, लिंग, जात, धर्म, उत्पन्न अशी यादी अनेक प्रकल्पांत सवयीने लिहिलेली आढळते. ती यादी चूक नव्हे, परंतु प्रत्येक परिमाणापुढे 'यामुळे अर्थ लावण्यात फरक पडेल, कारण...' असे वाक्य पूर्ण करता आले पाहिजे. जेथे वाक्य पूर्ण होत नाही, ते परिमाण सोडून द्यावे.

आपल्या विद्यार्थिनीने चार वाक्ये पूर्ण केली. शिक्षणामुळे फरक पडेल, कारण नोटिशीतील शब्द ग्रांथिक आहेत. जमिनीशी असलेल्या नात्यामुळे फरक पडेल, कारण खातेदार, लग्न होऊन गेलेली बहीण आणि बाहेरगावी कामाला असलेला भाऊ यांच्यापर्यंत कागद वेगवेगळ्या वाटांनी पोहोचतो. कचेरीच्या अनुभवामुळे फरक पडेल, कारण तलाठी व मंडळ अधिकाऱ्यांकडे ये-जा असणाऱ्याला हे शब्द कानावरून परिचित असतात. घरच्या बोलीमुळे फरक पडेल, कारण तालुक्यातील बहुसंख्य घरांत अहिराणी बोलली जाते आणि नोटिशीची भाषा तिच्यापासून दूरची आहे.

लिंग हे स्वतंत्र परिमाण का घेतले नाही, असे तुम्ही विचाराल. या प्रश्नात बाई असणे आणि 'माहेरच्या जमिनीत वाटा असलेली बहीण' असणे यांत दुसरी गोष्ट अधिक नेमकी आहे. मात्र खातेदारांमध्येही एखादी स्त्री आली पाहिजे, अशी सूचना तिने आपल्या वहीत लिहून ठेवली.

आता हिशेब करू. शिक्षणाच्या तीन पायऱ्या, नात्याचे तीन प्रकार, अनुभव आहे वा नाही, बोली अहिराणी वा प्रमाणभाषेला जवळची. यांच्या छत्तीस जोडण्या होतात. छत्तीस मुलाखती एका विद्यार्थिनीला झेपणार नाहीत आणि त्यांची गरजही नाही. येथे दोनच अटी पाळायच्या असतात. परिमाणाची प्रत्येक बाजू किमान दोनदा यावी आणि दर वेळी ती वेगळ्या सोबतीने यावी. दुसऱ्या अटीकडे विद्यार्थ्यांचे दुर्लक्ष होते, म्हणून ती जरा उलगडून सांगतो. निवडलेल्या सर्व बहिणी चौथीपर्यंत शिकलेल्या आणि सर्व खातेदार पदवीधर असतील, तर बहिणींना नोटीस कळली नाही याचे कारण शिक्षण की नाते, हे कधीच सांगता येणार नाही. दोन परिमाणे हातात हात घालून चालली, की कागदावर विविधता दिसते. विश्लेषणात मात्र ती नाहीशी होते.

विद्यार्थिनीने तयार केलेला निवडीचा तक्ता असा होता :

| क्र. | जमिनीशी नाते | शिक्षण | कचेरीचा अनुभव | घरची बोली |
|---|---|---|---|---|
| १ | खातेदार | चौथीपर्यंत | आहे | अहिराणी |
| २ | खातेदार | पदवी | नाही | प्रमाणाजवळची |
| ३ | खातेदार (स्त्री) | दहावी | नाही | अहिराणी |
| ४ | बहीण | चौथीपर्यंत | नाही | अहिराणी |
| ५ | बहीण | पदवी | नाही | अहिराणी |
| ६ | बहीण | दहावी | आहे | प्रमाणाजवळची |
| ७ | बाहेरगावचा भाऊ | दहावी | आहे | अहिराणी |
| ८ | बाहेरगावचा भाऊ | पदवी | नाही | प्रमाणाजवळची |
| ९ | बाहेरगावचा भाऊ | चौथीपर्यंत | नाही | प्रमाणाजवळची |

तक्ता उभा वाचा, नंतर आडवा वाचा. नात्याच्या प्रत्येक प्रकारात शिक्षणाच्या तिन्ही पायऱ्या आल्या आहेत. कचेरीचा अनुभव असलेली तीन माणसे तीन वेगळ्या नात्यांची आहेत. त्याच वेळी एक रिकामी जागाही दिसते : पदवीधर आणि कचेरीचा अनुभव असलेले कोणीही येथे नाही. ही उणीव लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

४.४ माणसांपर्यंत पोहोचताना

तक्ता घरी बसून तयार होतो. माणसे मात्र कोणाच्या तरी ओळखीनेच मिळतात. सर्वांत मोठा धोका येथे आहे. विद्यार्थिनी पोलीस पाटलांकडे गेली आणि त्यांनी नऊही नावे सुचवली, तर तक्त्यातील सर्व रकाने भरतील, पण सर्व माणसे त्यांच्या भावकीतली किंवा मर्जीतली असतील. शिक्षण वेगळे, बोली वेगळी, तरी नोटिशीबद्दलची कहाणी मात्र सर्वांची एकच, असे घडू शकते.

हे ओळखण्याची सोपी खूण आहे. प्रत्येक सहभागीच्या नावापुढे 'कोणाच्या ओळखीने' असा एक रकाना वाढवा. एकच नाव तीनपेक्षा अधिक वेळा आले, तर दुसरी वाट शोधा : बचत गटातील महिला, पिठाची गिरणी, तालुक्यात अर्ज लिहून देणारे लेखनिक, सुरत वा पुण्याहून सणाला गावी आलेली मंडळी. प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी 'या बाबतीत तुमच्यापेक्षा वेगळे मत असणारे कोण?' असे विचारा. या प्रश्नाने मिळालेले एक नाव 'तुमच्यासारखे आणखी कोण?' या प्रश्नाने मिळालेल्या पाच नावांपेक्षा अधिक मोलाचे असते.

जमिनीच्या विषयात आणखी एक पथ्य अनिवार्य आहे. एकाच कुटुंबातील भाऊ आणि बहीण दोघांनाही सहभागी करून घेऊ नये. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानावर गेले, तर तुमच्या प्रकल्पाने एखाद्याच्या घरात भांडण पेटवलेले असेल. चालू प्रकरणातील नोटीस वाचायला देऊ नये. एखाद्या जुन्या नोटिशीतील नावे, गट क्रमांक व तारखा बदलून तिचाच उपयोग सर्व मुलाखतींत करावा. याने तुलनाही नेटकी होते. आणि बोलता बोलता एखाद्या सहभागीची स्वतःची पंधरा दिवसांची मुदत अजून संपलेली नाही असे कळले, तर संशोधकाच्या तटस्थतेचा आधार घेऊन गप्प बसू नये. मुलाखत थांबवून, तारीख दाखवून, तालुक्यातील विधी सेवा समितीकडे जाण्यास सांगावे. ती मुलाखत विश्लेषणातून वगळावी लागली तरी चालेल.

४.५ विविधतेतून काय हाती लागते

आपल्या काल्पनिक प्रकल्पात नऊ मुलाखतींतून दोन प्रकारची सामग्री मिळाली, असे धरू.

पहिली सामग्री भिन्नतेची. क्रमांक ४ च्या बहिणीने नोटीस वाचलीच नाही. भाच्याने वाचून दाखवली आणि 'मामांनी सही मागितलीय' एवढाच अर्थ सांगितला. क्रमांक ८ च्या भावाला नोटिशीचे छायाचित्र मोबाइलवर मिळाले, त्यात खालचा मुदतीचा भाग कापला गेला होता. प्रत्येकाची वाट निराळी आहे आणि तिचे सविस्तर वर्णन अहवालात यायला हवे.

दुसरी सामग्री साम्याची, आणि या पद्धतीचे खरे बळ तेथे आहे. 'मुदतीत हरकत न आल्यास नोंद प्रमाणित करण्यात येईल' या आशयाच्या वाक्याचा अर्थ सात जणांनी 'नोंद झालेली आहे, आता काही करता येत नाही' असा सांगितला, असे समजू. हे सात जण एकाच गटातले असते, तर त्या गटाची ती समजूत म्हणून आपण विषय सोडून दिला असता. पण त्यांच्यात पदवीधर आहेत, चौथी शिकलेली बहीण आहे, बाहेरगावचा भाऊ आहे. इतक्या भिन्न माणसांना एकच अडथळा लागतो, तेव्हा दोष एखाद्या वाचकात नसून वाक्यातच असावा, असा संशय बळावतो. सहभागी जितके भिन्न, तितके त्यांच्यातील साम्य अर्थपूर्ण.

येथे विद्यार्थी हटकून एक चूक करतात. 'सुमारे ७८ टक्के सहभागींना वाक्य समजले नाही' असे ते लिहितात. तक्त्यात पदवीधर एक तृतीयांश आहेत, ते विद्यार्थिनीने तसे ठेवले म्हणून; तालुक्यात त्यांचे प्रमाण एक तृतीयांश आहे म्हणून नव्हे. त्यामुळे या टक्केवारीला तालुक्याच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही. 'शिक्षण, नाते व बोली भिन्न असलेल्या सात जणांनी हेच वाचन केले' असे लिहावे.

उरलेले दोन जण कोण? क्रमांक १ आणि क्रमांक ६. एक चौथी शिकलेला, अहिराणी बोलणारा खातेदार. दुसरी दहावी शिकलेली, प्रमाणाजवळची बोली बोलणारी बहीण. या दोघांत समान आहे तो केवळ कचेरीचा अनुभव. परंतु क्रमांक ७ च्या भावालाही तो अनुभव आहे आणि तरीही तो अडखळला. म्हणजे अनुभवाने मदत होते, पण ती पुरेशी नाही, अशी शंका उरते. विद्यार्थिनीने आरंभी शिक्षणाला पहिले स्थान दिले होते. आता तिला असे दिसते, की या वाक्यापुरते तरी शिक्षण फारसे कामाला येत नाही.

४.६ निर्णायक व्यष्टीकडे

नऊ मुलाखतींनंतर प्रश्न धारदार झाला आहे : 'हे वाक्य वाचकांच्या उणिवेमुळे अडते, की मुळातच सदोष आहे?' आणखी वीस भिन्न माणसे मिळवूनही याचे उत्तर तितके स्पष्ट होणार नाही, जितके एका योग्य माणसामुळे होईल.

निर्णायक व्यष्टीचा तर्क दोन दिशांनी चालतो. समजण्यासाठी सर्वांत अनुकूल असलेली व्यक्ती निवडली आणि तिलाही समजले नाही, तर इतरांनाही समजत नसावे, असे म्हणता येते. याउलट, सर्वांत प्रतिकूल परिस्थितीतील व्यक्ती निवडली आणि तिला समजले, तर इतरांनाही समजत असावे, असे म्हणता येते. मात्र अनुकूल व्यक्तीला समजले, तर इतरांविषयी काहीच सिद्ध होत नाही. प्रतिकूल व्यक्तीला समजले नाही, तरीही होत नाही. प्रत्येक दिशेला एकच निकाल बोलका असतो, दुसरा मुका. म्हणून मुलाखतीच्या आधीच दोन वाक्ये तारखेसह लिहून ठेवावीत : 'समजले, तर मी असे म्हणेन' आणि 'समजले नाही, तर मी असे म्हणेन'. निकाल हाती आल्यावर लिहिलेली वाक्ये आपल्या सोयीकडे झुकतात.

समाजशास्त्रातील एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अशी मांडणी जोरात होती, की चांगले वेतन मिळू लागले की कामगार मध्यमवर्गीय होतात. जॉन गोल्डथॉर्प, डेव्हिड लॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात तिची परीक्षा घेण्यासाठी ल्यूटन हे शहर निवडले. ते इंग्लंडचे प्रातिनिधिक शहर नव्हते, आणि ते नेमके त्यामुळेच निवडले गेले. ते वाढते, भरभराटीचे शहर होते, जुन्या औद्योगिक प्रदेशांपासून दूर होते, आणि तेथील अनेक कामगार बाहेरून येऊन नव्या वस्तीत राहत होते. मध्यमवर्गीय होण्यास याहून अनुकूल जागा सापडणे कठीण होते. व्हॉक्सहॉल मोटारी, स्केफ्को बॉल-बेअरिंग आणि लापोर्ट रसायने या तीन कारखान्यांतील २२९ कामगारांच्या, आणि तुलनेसाठी ५४ कारकुनी वर्गातील कर्मचाऱ्यांच्या मुलाखती झाल्या. येथेही कामगार मध्यमवर्गात विलीन झालेले दिसले नाहीत. मग कमी अनुकूल शहरांत ते तसे झाले असतील, हे मानणे अवघड झाले. (२२९ मुलाखती हा लहान गुणात्मक नमुना नव्हे. येथे निर्णायक व्यष्टी आहे ती शहराची निवड.) पुढे फिओना डिव्हाइन यांनी ल्यूटनमध्येच सखोल मुलाखती घेऊन १९९२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. कामगार कुटुंबे घरापुरती मिटून गेली आहेत, या पहिल्या अभ्यासातील चित्राला त्यांनी आक्षेप घेतला. निर्णायक व्यष्टी एका विशिष्ट दाव्यापुरतीच निर्णायक असते. त्याच स्थळाविषयी काढलेल्या इतर प्रत्येक निष्कर्षाला ते बळ लाभत नाही.

४.७ अनुकूल व्यक्ती कोणती?

आपल्या विद्यार्थिनीने आरंभीच निर्णायक व्यष्टी निवडली असती, तर तिने बहुधा मराठीच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाची निवड केली असती. मराठी ज्यांचा विषय, त्यांनाच कळले नाही तर कोणाला कळणार, हा तर्क मोहक आहे. तथापि नऊ मुलाखतींनी तो ढासळतो. चौथी शिकलेल्या क्रमांक १ च्या खातेदाराला जे कळले, ते पदवीधरांना कळले नाही. शिक्षक अडखळले असते, तर त्यावरून 'कोणालाच कळत नाही' असे म्हणणे सरळ चुकीचे ठरले असते.

म्हणून एक चाचणी लक्षात ठेवा. निवडलेल्या व्यक्तीविषयी स्वतःला विचारा : 'हिच्यापेक्षा सोपे जाईल असा दुसरा वाचक मला दाखवता येतो का?' दाखवता आला, तर तुमची व्यष्टी निर्णायक नाही. येथे निवृत्त शिक्षकापेक्षा सोपे जाणारी व्यक्ती म्हणजे तक्त्यातील ती रिकामी जागा : पदवीधर असलेला, कचेरीचा दीर्घ अनुभव असलेला, स्वतः खातेदार असलेला माणूस. निवृत्त तलाठ्याला हे याहूनही सोपे जाईल, हे खरे. परंतु नोटीस त्याच्यासारख्या लिहिणाऱ्यांसाठी नसून मिळवणाऱ्यांसाठी असते. अभ्यासाची कक्षा 'महसूल खात्याबाहेरचा वाचक' अशी आधीच लिहिलेली असेल, तर त्याला वगळणे रास्त ठरते.

असा दहावा सहभागी तिला मिळाला. तालुक्याच्या बाजारपेठेत दुकान असलेला, बी.कॉम. झालेला, स्वतःच्या तीन फेरफार नोंदींसाठी कचेरीत खेपा घातलेला खातेदार. त्याने नोटीस मोठ्याने वाचली, 'हरकत', 'हितसंबंधित' यांचे अर्थ अचूक सांगितले, आणि त्या वाक्यापाशी येऊन म्हणाला, 'म्हणजे नोंद प्रमाणित झाली. ही फक्त माहितीसाठी आहे.' आधी लिहून ठेवलेल्या वाक्यांपैकी बोलके वाक्य लागू झाले.

तरीही घाई नको. तो चष्मा विसरला होता का? आपण जाणकार आहोत या भावनेने त्याने वाक्य वरवर वाचले का? विद्यार्थिनीने त्याला तेच वाक्य पुन्हा वाचायला दिले, 'हा कागद आज आला, तर उद्या तुम्ही काय कराल?' असे विचारले आणि उत्तर तेच आले. अपयशाची पर्यायी कारणे अशी एकेक करून दूर करावी लागतात, कारण येथे सगळा भार एकाच माणसावर असतो. शिवाय दोन जणांना वाक्य समजले होते, हे विसरता येत नाही. त्यामुळे 'वाक्य कोणालाही समजू शकत नाही' असा निष्कर्ष तिने काढला नाही. तिने लिहिले : 'शिक्षण आणि कचेरीचा अनुभव एकत्र आले तरी या वाक्याचे योग्य वाचन होईलच अशी खात्री नाही, म्हणून अडचण केवळ वाचकाच्या शिक्षणात वा अनुभवात शोधता येत नाही.' क्रमांक १ आणि ६ यांना पुन्हा भेटल्यावर कळले, की दोघांनीही पूर्वी स्वतः हरकत घेतली होती. कचेरीत जाणे आणि हरकत घेणे या निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद पहिल्या तक्त्यात नव्हता.

४.८ अहवालातील नोंद

प्रकल्पाच्या 'संशोधन पद्धती' या प्रकरणात निवडीची नोंद अशी करता येईल : 'नोटिशीच्या वाचनावर परिणाम करू शकतील अशी चार परिमाणे ठरवून नऊ सहभागी कमाल विविधतेच्या तत्त्वाने निवडले. त्यांपैकी कोणाही एका व्यक्तीच्या ओळखीने आलेले तीनपेक्षा अधिक नाहीत. या मुलाखतींच्या आधारे समजण्यास सर्वाधिक अनुकूल अशी निर्णायक व्यष्टी ठरवून दहावा सहभागी निवडला. कचेरीचा अनुभव हे परिमाण अपुरे असल्याचे विश्लेषणात आढळले.' शेवटचे वाक्य लिहिण्यास संकोच करू नये. पडताळणी करणारा परीक्षक तेच आधी शोधतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. तंजावर परिसरात स्थायिक झालेल्या मराठी भाषक कुटुंबांत घरी मराठी कशी टिकते, याचा अभ्यास करायचा आहे. चार परिमाणे ठरवा आणि प्रत्येकापुढे 'कारण' असलेले वाक्य पूर्ण करा.

२. याच अभ्यासात 'शाळेत मराठी नसेल तर भाषा घरात टिकत नाही' हा दावा तपासायचा असल्यास कोणते कुटुंब निर्णायक व्यष्टी ठरेल? कोणता निकाल बोलका आणि कोणता मुका, ते दोन वाक्यांत लिहा.

३. वरील तक्त्यात 'हरकत घेतल्याचा अनुभव' हे पाचवे परिमाण घातल्यास कोणत्या सहभागींच्या जागी दुसरे निवडावे लागतील? तक्ता नव्याने मांडा.